चालू मेडिकल विकतोय, गाळा भाड्याचा: मालकाची संमती का लागावी?

औषधवाला_पुणे
19 वर्षं चालवलेलं मेडिकल विकतोय. 18 लाख ठरलेत: माल 7, फर्निचर-फ्रिज 3, बाकी 8 गुडविलचे. भाडेकरारात 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागा कोणासही देऊ नये' असं आहे. मालक परवानगीचे 4 लाख मागतायत. धंदा माझा, गिऱ्हाईक माझं, मग त्यांची संमती कशाला?

पेठेतला
लागूच नये. माल आणि गुडविलसकट चालू धंदा विकला तर ते पोटभाडेकरू ठेवणं होत नाही. 1948 ची सरकारी अधिसूचनाच आहे तशी. आमच्या वडिलांनी कापडदुकान असंच घेतलं. 4 लाख ही सरळ अडवणूक आहे.

निवृत्त_वकील
अधिसूचना खरी, पण ती 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखालची. आणि तिच्यातही जागेतला संपूर्ण हक्क माल-गुडविलसह खरोखर विकलेला असला पाहिजे अशी अट होती. आज 1999 चा कायदा आहे. त्याच्या कलम 26 प्रमाणे करारात मुभा नसेल तर भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नाही. तुमच्या करारात तर उलट स्पष्ट मनाई आहे. दिला, तर कलम 16 खाली मालक ताबा मागू शकतो. जुन्या अधिसूचनेच्या भरवशावर मी 18 लाखांचा व्यवहार करू देणार नाही.

गुडविलचे 8 लाख नक्की कशाचे आहेत, ते बघा. गिऱ्हाईक येतं ते त्या कोपऱ्यावर. गाळा गेला तर घेणाऱ्याच्या हातात रॅक आणि फ्रिज उरतात. औषधाचा परवानाही त्या जागेपुरता असतो. घेणाऱ्याला तो नव्यानं काढावा लागेल, आणि अर्जासोबत जागेच्या हक्काचा कागद द्यावा लागेल. संमती नसेल तर तो कुठून आणणार?

गाळेवाली
मालकाची बाजूही ऐका, दादा. आईच्या नावावर 3 गाळे आहेत. पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्यानं आम्हाला न विचारता धंदा दिला. महिन्याभरात तिथं वडे तळायला लागले, मागच्या बोळात चार सिलिंडर, वर माणसं राहतात. भाडं मागायला गेलो तर नवा म्हणे 'मी तुमच्याशी करार केलाच नाही', आणि जुना फोन उचलेना. आपल्या जागेत कोण बसणार हे विचारायचा हक्क आम्हाला नको का?

औषधवाला_पुणे
ताई, माझा माणूस फार्मासिस्ट आहे, मेडिकलच चालवणार. तरी 4 लाख?

लेस्टरकर
आमच्याकडे दुकान विकताना मालकाला विनाकारण नाही म्हणता आलं नाही, कारण लेखी द्यावं लागलं. पण मला घेणाऱ्याच्या भाड्याची हमी द्यावी लागली. त्यानं थकवलं तर मी भरायचं. तिकडेही तसंच असेल ना?

निवृत्त_वकील
नाही, तो इंग्लंडचा कायदा. आपल्याकडे करारात 'संमती वाजवी कारणाशिवाय नाकारू नये' असं लिहिलं असेल तरच मालकाला धरता येतं. पैशाचं म्हणाल तर कलम 56 प्रमाणे संमतीसाठी मोबदला घेणं बेकायदा नाही, आणि भाडेकरूनं हक्क सोडण्याबद्दल घेणंही नाही. म्हणून रकमेची घासाघीस करा.

पेठेतला
मग त्याला आधी भागीदार करा. सहा महिन्यांनी तुम्ही बाहेर पडा. भागीदारीला परवानगी लागत नाही.

निवृत्त_वकील
खऱ्या भागीदारीला नाही. पण न्यायालय कागदामागचं बघतं: गल्ला कोणाकडे, बँक खातं कोण चालवतं, शटरची किल्ली कोणाकडे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भागीदारीच्या पडद्याआड दिलेली जागा पोटभाड्यानंच दिली असं धरलं. सहा महिन्यांत तुम्ही निघून गेलात की मालकाला आयता पुरावा मिळाला.

औषधवाले, क्रम असा ठेवा. विक्रीच्या करारात 'मालकाची लेखी संमती मिळाली नाही तर बयाणा परत' असं घाला आणि मोठी रक्कम संमतीनंतरच घ्या. मग मालक, तुम्ही आणि घेणारा असा त्रिपक्षीय करार करून नोंदवा. तुमचं डिपॉझिट कोणाला परत, किती तारखेपासून भाडं कोणाचं, वापर फक्त मेडिकलसाठी, हे सगळं त्यात हवं. आणि त्या तारखेपासून तुम्ही जबाबदारीतून मोकळे, हे वाक्य सोडू नका. ते नसेल तर नुसत्या हस्तांतरानं मूळ भाडेकरूची जबाबदारी संपत नाही.

गाळेवाली
वापराची अट लिहून दिली असती तर आम्हीही सही केली असती.

कोथरूडकर
काका, माझं सलून लीव्ह अँड लायसन्सवर आहे, त्यालाही हेच लागू का?

निवृत्त_वकील
तिथं विकायला जागेतला हक्कच नसतो. लायसन्स माणसापुरतं असतं. करारात मुभा नसेल तर घेणाऱ्यानं मालकाशी नवा करार करायचा.

औषधवाला_पुणे
घेणारा दीड लाख सोसायला तयार आहे. मी मालकांना अडीच म्हणालो, ते तीनवर अडलेत. रविवारी पुन्हा बसतोय. बयाण्याचा चेक तोवर बँकेत टाकत नाही.

पेठेतला
टाकू नका. पण तीन लाख मला अजूनही पटत नाहीत.