आयईएलटीएस स्पीकिंगचा तिसरा भाग: तुमचे अनुभव सांगा

रेवती, राजारामपुरी
पहिल्या भागात घर, नोकरी, आवडीनिवडी. दुसऱ्यात कार्ड मिळतं, एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं. इथवर निभावतं. शेवटच्या चार-पाच मिनिटांत मात्र प्रश्न ‘तुम्ही’ सोडून ‘लोक’, ‘समाज’, ‘भविष्य’ यांच्यावर जातो. माझं कार्ड होतं पाहिलेल्या एखाद्या सामन्याबद्दल. मी खासबागेतली कुस्ती सांगितली, आणि लगेच विचारणा झाली: पन्नास वर्षांनी पारंपरिक खेळ टिकतील का? अशा ठिकाणी तुम्ही अंदाज कसा मांडलात, तुलना कशी केलीत? आठवेल तसं लिहा.

संग्राम
सोपं आहे. दोन्ही बाजू सांगायच्या. ‘ऑन द वन हँड’, ‘ऑन द अदर हँड’ तोंडपाठ ठेवा, कुठल्याही प्रश्नाला चालतं. मला साडेसहा मिळाले.

माळी सर
संग्राम, दोन बाजू चांगल्याच, पण प्रत्येक प्रश्न तसा नसतो. ‘जुन्या आणि नव्या खेळांत काय फरक?’ याला बाजू नसतात, फरक सांगायचा असतो. त्यासाठी आधी एक मुद्दा धरा. समजा, वेळ. मल्ल तालमीत राहतो, पहाटे उठून मेहनत करतो, खुराक सांभाळतो. पेठेतला फुटबॉलपटू घरी राहून, कॉलेज करून खेळतो. आता इंग्रजी आपोआप येतं: ‘रेसलिंग टेक्स ओव्हर युअर होल डे, व्हेअरॅज अ फुटबॉलर कॅन लिव्ह अ‍ॅट होम अँड स्टिल स्टडी.’ पुढे एक पाऊल टाका, म्हणून घरचे कशाला लवकर होकार देतात? मुद्दा न धरता ‘मोर पॉप्युलर’, ‘लेस पॉप्युलर’ म्हणत राहिलं की तिसऱ्या वाक्याला गाडी अडते.

रेवती, तुमच्या प्रश्नात सगळे ‘विल’ लावतात. खात्री कमी-जास्त करून बघा: ‘आय डाउट इट विल डिसअपिअर, बट इट मे वेल श्रिंक टू व्हिलेज फेअर्स.’ नाहीसा होणार नाही, पण जत्रेपुरता उरेल. मग अट घाला: ‘इफ स्कूल्स टुक इट अप, मोर गर्ल्स माइट जॉइन.’ स्वतःचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना प्रत्येक ‘माइट’च्या जागी ‘विल’ घालून बघा. अर्थ तसूभर बदलला नाही, तर तो ‘माइट’ नुसता शोभेला होता.

शबाना
मी नर्स आहे, ओईटी देणार. त्यात पण भविष्याबद्दल विचारतात का?

रेवती, राजारामपुरी
नाही ताई. ओईटीत पेशंट किंवा नातेवाइकाशी बोलण्याचे दोन रोल-प्ले असतात. हा धागा आयईएलटीएसचा आहे.

अजित, कागल
माहितीच नसेल तर बोलणार काय? म्हणून मी खेळांचे आकडे पाठ केले. ‘देशाला पदकं का महत्त्वाची?’ असं आल्यावर खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी, कांस्यपदक असं धडाधड सांगितलं. तरी पुढचा प्रश्न आला, नंतर कुस्तीत इतकी वर्षं पदक का नाही? हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

माळी सर
अजित, ही सामान्यज्ञानाची परीक्षा नाही. बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, एवढंच मोजतात. मत बरोबर की चूक हे बघत नाहीत. तुझा प्रश्न तर फार चांगला होता, त्यात घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज करायला वाव होता. पुढचं पदक थेट 2008 ला, बीजिंगमध्ये सुशील कुमारचं. मधल्या काळात आपली पोरं लाल मातीत घडत होती आणि ऑलिम्पिक मॅटवर होतं. मग म्हणायचं: ‘वन रीझन मे हॅव बीन द सरफेस. इफ मोर ऑफ देम हॅड ट्रेन्ड ऑन मॅट्स, दे माइट हॅव वन समथिंग अर्लिअर.’ हे एकच कारण होतं असं कोणी म्हणणार नाही, म्हणूनच ‘मे हॅव’ इथे शोभतो.

प्राजक्ता
मला एका क्लासात सांगितलं होतं की तिसऱ्या भागात स्वतःचं उदाहरण द्यायचंच नाही. मी कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. उत्तरं कोरडी झाली.

माळी सर
आधी सर्वसाधारण विधान, मग उदाहरण. तालमीचं द्या, पण ‘खुराक’ म्हणजे दूध, तूप, बदाम हे एका वाक्यात सांगा. आणि तिथेच न रमता ‘लोक’ या शब्दावर परत या.

संग्राम
सर, पण मला मध्येच तोडून ‘बट व्हाय?’ विचारलं. उत्तर फसलं म्हणूनच ना?

माळी सर
तसं नाही. वेळ ठरलेला असतो, आणि कारण काढून घ्यायलाही तोडतात.

प्राजक्ता
माझ्या मैत्रिणीला एकदाही तोडलं नाही आणि तिला आठ मिळाले. मला तोडलं, सात. मला तरी काहीतरी संबंध वाटतो.

अजित, कागल
मला तर प्रत्येक उत्तराला तोडलं. निकाल लागला की इथे टाकतो.