मदत हवी आहे: धावताना गेलेलं पाणी किती भरून काढायचं?

नमस्कार मंडळी. मी पणजीत मिरामारला सकाळी दीड तास धावतो. रविवारी अंग पुसून, ओले कपडे काढून वजन केलं: आधी ६८ किलो, नंतर ६६.६. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो, म्हणजे घाम साधारण १.९ लिटर गेला. भरपाई न झालेली घट १.४ किलो, वजनाच्या २ टक्क्यांहून किंचित जास्त. शेवटचे तीन किलोमीटर पाय खरंच जड झाले होते.

नंतरचा हिशोब कळतो: घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, कारण काही लघवीवाटे जातंच. म्हणून दोन लिटर तीन-चार तासांत घेतलं, सोबत मीठ घातलेली पेज.

अडचण धावतानाची आहे. तासाला पाऊण लिटरच्या वर गेलं की पोटात पाणी डुचमळतं. शिवाय घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम घसरतं, ते तर जास्त धोक्याचं. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो.

गोव्यात लांब धावणाऱ्यांनी सांगा: तुम्ही तासाला किती पिता, किती अंतराने? पोटाला हळूहळू सवय लावता येते का?