रेषालेखावर नोटाबंदीची खूण

«चलनातील रोकडीच्या मासिक आलेखावर नोटाबंदीची खूण केली, पण घसरण तिच्या आधीच सुरू झालेली दिसते आणि गर्दीही होते.»

आपले आकडे महिनाअखेरचे असून ते महिन्याच्या १ तारखेवर मांडले गेले असावेत. त्यामुळे ३० नोव्हेंबर २०१६ चा खाली आलेला बिंदू ८ नोव्हेंबरच्या खुणेच्या डावीकडे जातो आणि कारणाआधी परिणाम दिसतो. ही चूक मला गर्दीपेक्षा गंभीर वाटते. आधी सर्व बिंदू महिनाअखेरीवर न्यावेत. मग मुख्य रेषेच्या मागे एकच बारीक, करडी उभी रेषा काढावी. घसरणीमुळे तिच्या उजवीकडे वरची जागा मोकळी राहते. तेथे रेषेला लागून ‘नोटाबंदी, ८ नोव्हेंबर’ एवढेच आडवे लिहिले, तर बाण किंवा चौकट लागत नाही.