बुकिंग पक्कं करताना: पानं की शीट?

«लग्नाच्या फोटोग्राफरला दहा हजार अॅडव्हान्स दिलाय, पण लेखी काहीच नाही. आता काय विचारू?»

व्हॉट्सअॅपवर एकच निरोप टाका: ‘५ला संध्याकाळी ६ पासून सीमांतपूजन, ६ला सकाळी ७ पासून पाठवणीपर्यंत. ठरले ६०,०००, पोचले १०,०००. बरोबर ना?’ आणि त्यावर त्यांचं ‘हो’ येऊ द्या. निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे.

आमच्या इंदूरला ‘शादी की डेट’ म्हटलं की फोटोग्राफर एकच दिवस धरतात. आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन त्यांच्या गावीही नसतं! ताईच्या लग्नात त्याचे वेगळे पैसे मोजले आम्ही.

अल्बमचंही त्यातच लिहा: ४० पानं की ४० शीट? एका शीटची दोन पानं होतात, म्हणजे ४० पानं ठरवलीत तर हाती २० शीटच येतील.