बडतर्फ कामगाराने कंपनीचं क्वार्टर किती दिवस ठेवावं? दंडभाडं अन् तोडफोडीचे पैसे ग्रॅच्युइटीतून कापता येतात का?

पांढरकवडा_रोड (धागा सुरू करणारा)

लहान भाऊ कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट प्लांटमध्ये १४ वर्षं पक्का कामगार होता. गैरहजेरीच्या चौकशीनंतर ३१ जानेवारी २०२५ ला बडतर्फ केलं. कामगार न्यायालयात केस टाकली आहे, पण पोरगा दहावीत म्हणून क्वार्टर सोडलं नाही. आता नोव्हेंबर संपत आला. कंपनी म्हणते, महिन्याला ६,००० दंडभाडं, वर विजेचे ११,२००, वर ३८,५०० दुरुस्ती. ग्रॅच्युइटी अडवून ठेवली आहे. हे बरोबर आहे का?

वणीकर

केस चालू आहे ना? मग हात लावता येत नाही. निकाल लागेपर्यंत तो कामगारच राहते. बिनधास्त राहा म्हणा.

फॅक्टरी_गेट

वणीकर, असं सांगून तुम्ही त्याला खड्ड्यात घालून राहिले. केस दाखल झाली म्हणजे बडतर्फीला स्थगिती मिळाली असं होत नाही. क्वार्टर काढून घेऊ नये असा अंतरिम आदेश न्यायालयाकडून वेगळा मागावा लागतो, अन् तो मिळाला तरच संरक्षण. तसा आदेश नसेल तर तो आज माजी कामगार आहे.

मुदतीचं म्हणाल तर खाजगी कंपनीसाठी अमुक दिवस असा आकडा कायद्यात कुठे लिहिलेला नाही. क्वार्टर हे भाड्याचं घर नसून नोकरीसोबत मिळालेली परवानगी असते, आणि परवानगी संपल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा एवढंच १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ म्हणतं. तो वेळ किती, हे आधी वाटपपत्र ठरवतं. म्हणून पहिला प्रश्न हाच, की वाटपपत्रात काय लिहिलं आहे?

पांढरकवडा_रोड

वाटपपत्र मिळालं. नोकरी संपल्यावर एक महिना, पुढे ६,००० दर महिना. नोकरीत असताना पगारातून ३५० कापत होते.

एचआर_चंद्रपूर

मग प्रश्न मिटला. मुदत २८ फेब्रुवारीला संपली. मार्च ते नोव्हेंबर नऊ महिने, सहा हजारांप्रमाणे ५४,०००. सही त्याचीच आहे, आम्ही कोणाच्या हातात बळजबरी पेन दिलं नव्हतं. दुसरी बाजूही बघा. ज्याला रात्रपाळीसाठी प्लांटजवळ घर हवं आहे तो कामगार वर्षभर यादीत बसून असतो.

आणखी एक. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४५२ वाचा. कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणाऱ्याला १ लाख ते ५ लाख दंड. न्यायालय मुदत देऊन घर सोडायला सांगू शकतं, तरी सोडलं नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. हे माजी कामगारालाही लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच जुन्या कलम ६३० वर सांगितलेलं आहे. बायकोला अन् पोराला तिथं ठेवून स्वतः गावी गेलो, ही युक्तीही चालत नाही. कुटुंबालाही ते लागू होतं, हे २००३ च्या निकालात आलं आहे.

फॅक्टरी_गेट

कलम बरोबर सांगितलं, पण अर्धंच. २०२० च्या दुरुस्तीने त्याला एक जोड लागली आहे. कंपनीने पीएफ, ग्रॅच्युइटी अशा निधीचे पैसे दिलेले नसतील, तर राहत्या घराच्या ताब्यासाठी कैदेचा आदेश होत नाही. म्हणजे इथे ग्रॅच्युइटी अडवून तुमच्याच लोकांनी हातातली काठी मोडून घेतली. दंडाचं कलम मात्र राहतं, ते भावाने हलकं घेऊ नये.

कपाशी_भाव

माझ्याकडे जिनिंग आहे, भागीदारीत. चौकीदाराला काढलं, तो हंगाम संपूनही खोलीत बसला आहे. आम्हीही ४५२ लावतो मग. पाणी तोडलं तरी चालते का? वीज तर आमच्याच मीटरवर आहे.

फॅक्टरी_गेट

दादा, ४५२ फक्त नोंदणीकृत कंपनीला. भागीदारी फर्मला तो रस्ताच नाही, तुम्हाला दिवाणी दावा टाकावा लागेल. आणि पाणी तोडायच्या भानगडीत पडू नका. परवानगी संपली तरी माणसाला कायद्याच्या वाटेनेच बाहेर काढायचं असतं. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे ४५ अंशात पाणी तोडलं म्हणजे तो सरळ न्यायालयातून मनाई आणेल, आणि तुमची बरोबर असलेली बाजू तिथं लंगडी पडेल.

खाण_कॉलनी

आमच्या इथं असं काही नसते बाप्पा. सरकारी कोळसा कंपनी आहे. आमच्या गल्लीतल्या एकाला एस्टेट ऑफिसरची नोटीस आली, सुनावणी झाली, ताबा सोडायचा आदेश निघाला. वकील म्हणे दिवाणी कोर्टात जाताच येत नाही. तुमच्या भावालाही तसंच होईल.

फॅक्टरी_गेट

तसं नाही होणार. तुमचं घर सार्वजनिक जागा आहे, तिथं सार्वजनिक जागेतून बेकायदा राहणाऱ्यांना काढण्याचा १९७१ चा कायदा चालतो. आधी कारण दाखवा नोटीस, मग आदेश, अपील जिल्हा न्यायाधीशाकडे १२ दिवसांत. भाडं अन् नुकसानभरपाईही तोच अधिकारी ठरवतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. खाजगी सिमेंट कंपनीकडे एस्टेट ऑफिसर नसतो. तिला ४५२ किंवा दिवाणी दावा, हेच दोन.

आता ५४,००० चं बोलू. वाटपपत्रावरची सही महत्त्वाची आहे, पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. खेड्यात ‘वाजवी’ कशाने मोजायचं? तिथं कोणी घर भाड्याने देत नाही, म्हणून बाजारभाव सापडत नाही. चांगला मापदंड एकच: ज्या कामगारांना क्वार्टर मिळालं नाही, त्यांना कंपनी घरभाडे भत्ता किती देते?

पांढरकवडा_रोड

भावाच्या ग्रेडला २,६००.

फॅक्टरी_गेट

मग नऊ महिन्यांचे २३,४०० होतात. कंपनीने स्वतःच त्या दर्जाच्या घराची किंमत २,६०० धरली आहे, तर ६,००० कशाच्या आधारावर, हा प्रश्न लेखी विचारा. फेब्रुवारीचे ३५० अन् विजेचे ११,२०० रीडिंगप्रमाणे असतील तर ते देऊन टाका, त्यावर भांडू नका.

एचआर_चंद्रपूर

हा हिशोब मला मान्य नाही. भत्ता सरासरी असतो. कॉलनीत पाणी, रस्त्याचे दिवे, सफाई, गेटवर पहारा हे सगळं कंपनी देते, त्याचा खर्च भत्त्यात येत नाही. आणि दंडभाडं घर सोडायला लावण्यासाठीच असतं. ते भत्त्याएवढंच ठेवलं तर कोण सोडेल? ओएनजीसीच्या २००५ च्या आणि सेलच्या २०२० च्या निकालात दंडभाडं येणे रकमेतून वळतं करायला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलेली आहे.

फॅक्टरी_गेट

ते निकाल आहेत, नाकारत नाही. पण दोन्ही सरकारी कंपन्या, त्यांचे स्वतःचे नियम होते, माणसं निवृत्त झालेली होती. खाजगी कंपनीने फक्त वाटपपत्राच्या एका ओळीवर ग्रॅच्युइटी अडवणं वेगळं. बडतर्फी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची आहे, म्हणून त्या दिवशी लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेचा प्रश्न नाही, १९७२ चाच ग्रॅच्युइटी कायदा. त्यात ग्रॅच्युइटी अडवायची कारणं ठरलेली आहेत: कंपनीचं नुकसान केल्याबद्दल काढलं असेल तर त्या नुकसानीपुरती, किंवा दंगामारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. गैरहजेरी त्यात बसत नाही, क्वार्टर न सोडणंही नाही.

शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किती होता?

पांढरकवडा_रोड

२६,०००.

फॅक्टरी_गेट

२६,००० ला २६ ने भागून १५ दिवसांचे १५,०००, गुणिले १४ वर्षं, म्हणजे २,१०,०००. ही रक्कम ३० दिवसांत, साधारण २ मार्चपर्यंत द्यायची होती. उशिरावर सरळव्याज १० टक्क्यांनी धरलं तर नऊ महिन्यांचे १५,७५०. एचआर साहेब, ग्रॅच्युइटी अडवून तुमच्या भाड्यातला एवढा भाग तुम्हीच खाल्ला.

एचआर_चंद्रपूर

वळती होते का नाही, यावर उच्च न्यायालयांत मतं वेगळी आहेत. तुम्ही निकाल लागल्यासारखं लिहू नका. आणि दुरुस्तीच्या ३८,५०० चं काय? क्वार्टरची अवस्था मी बघितली नाही, पण असे क्वार्टर पुष्कळ बघितले आहेत.

पांढरकवडा_रोड

यादी अशी: रंग १६,०००, वायरिंग ८,०००, खिडकीची जाळी अन् ओटा-सिंक ६,९००, बाथरूमचा दरवाजा ४,०००, दोन पंखे ३,६००.

फॅक्टरी_गेट

रंग १४ वर्षांत उतरणारच. ती झीज आहे, नुकसान नाही. तो आकडा सरळ नाकारा. बाथरूमचा दरवाजा बघा: चौकट जमिनीपासून वीतभर वाळवीने पोखरलेली असेल, दाबलं की आतून भुसा निघतो, तर तो दुरुस्तीचा विषय कंपनीचा. कडी उपटलेली, फळी फोडलेली असेल तर तुमचा.

खिडकी मात्र तपासा. आपल्याकडे कूलर बसवायला जाळी कापतात, गज वाकवतात, अन् कूलरचं पाणी ठिबकून खालच्या भिंतीवर गंजाचा पट्टा उतरतो. वायरिंगमध्येही कूलरसाठी मीटरच्या पेटीतून वेगळी वायर ओढलेली असते. हे विनापरवानगी केलं असेल तर मोजावं लागतं, पण फक्त तेवढ्या खिडकीचं अन् तेवढ्या वायरचं, सगळ्या घराचं नाही. आणि पंखे: राहायला आले तेव्हाच्या ताबा यादीत होते का? ती यादी नसेल तर कंपनीने ते सिद्ध करावं.

वणीकर

मग आता घर सोडून गावी जावं, कुलूप लावून? वाद मिटेपर्यंत तरी भाडं थांबेल.

एचआर_चंद्रपूर

तिथंच लोक फसतात. कुलूप तुमचं असेल तर ताबा तुमचाच, आम्ही चावी मिळेपर्यंत भाडं लावतो.

फॅक्टरी_गेट

इथं साहेबांचं बरोबर आहे. म्हणून सोडायचं तर असं: आधी लेखी अर्ज, अमुक तारखेला संयुक्त पंचनामा करा. त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा अन् प्रत्येक खोलीचा फोटो. पंचनाम्यावर दोन्हीकडच्या सह्या, मग चावी, अन् चावीची ताबा पावती. पावती द्यायला नाही म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने चावी घेऊन जा असं पत्र, पोचपावतीसह. भाडं तिथं थांबतं.

आणि पोराची परीक्षा होईपर्यंत राहायचं असेल तर तेही लेखी मागा, महिन्याला २,६०० भरायची तयारी दाखवून. तोंडी हो मिळालं तर त्याला काही अर्थ नाही.

पांढरकवडा_रोड

उद्या जाऊन मागतो. एक राहिलं. वेल्फेअर ऑफिसर म्हणतो, ‘कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून दिलं तर ग्रॅच्युइटी लगेच सोडतो, दंडभाडं, वीज अन् दुरुस्तीचे मिळून १,०३,७०० कापून. घरी बायको म्हणते, सही करून मोकळं व्हा.

फॅक्टरी_गेट

कापलेले पैसे पुढे मागायचे असतील तर तसं लिहून देऊ नका. केस तर चालूच आहे, आणि उद्या तो सेवेत सातत्यासह परत आला तर दंडभाड्याचा पायाच जातो, नेहमीचे ३५० उरतात. पैसे घ्या, पण पावतीवर ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढं स्वतःच्या हाताने लिहा. ते चालणार नाही म्हणाले तर नकार लेखी मागा अन् ग्रॅच्युइटीसाठी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज टाका. तिथं कामगाराचा बडतर्फीचा दावा लांबला तरी ग्रॅच्युइटीचा थांबत नाही.

एचआर_चंद्रपूर

‘हक्क राखून’ लिहिलेली पावती आमचं अकाउंट्स घेत नाही, हे आधीच सांगतो.

फॅक्टरी_गेट

घेत नसेल तर बँकेत पाठवा म्हणा. पावतीची गरजच उरणार नाही.