मदत हवी आहे: चॅटवर ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यावं?

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या टीममध्ये एक सहकारी आला. वय आणि हुद्दा माझ्याएवढाच. तो दुसऱ्या शहरातून काम करतो, त्यामुळे सगळं बोलणं चॅटवर, तेही मराठीत. सुरुवात अहो-जाहोने झाली आणि अजून तिथेच आहोत.

सध्या मी वाक्यं फिरवून लिहिते. ‘फाइल पाठवलीत का?’ किंवा ‘पाठवलीस का?’ ऐवजी ‘फाइल पाठवली का?’ म्हटलं की प्रश्न टळतो. ‘पाठवता येईल का?’ हेही चालतं. पण ‘ऑनलाइन आहेस की आहात?’ इथे पळवाट सापडत नाही, आणि ‘तुझ्याकडे’, ‘तुमच्याकडे’ यातलं एक निवडावंच लागतं.

परवा रात्री उशिरा काम संपवताना त्याने लिहिलं, ‘बघ ना, परत एरर आला.’ मला फार बरं वाटलं. सकाळी मात्र पुन्हा ‘जरा बघता का?’ आता ते ‘बघ ना’ मला उद्देशून होतं, की वैतागून सहज निघालेला उद्गार? मला दुसरं वाटतं, म्हणून त्यावर विसंबून ‘तू’ म्हणायला धजत नाही. मी ‘तू’ लिहिलं आणि उत्तर ‘तुम्ही’त आलं, तर परत फिरणं जास्त अवघड.

सरळ ‘आपण अरे-तुरे करूया का?’ असं विचारावं, की तो सलग दोन-तीनदा ‘तू’ म्हणेपर्यंत थांबावं? आणि मी बाई, तो पुरुष, तर पुढाकार मी घेतल्याने वेगळा अर्थ निघेल का? तुम्ही काय केलंत, ते नेमक्या वाक्यासकट सांगा.