घटकाच्या पीडीएफमधून परिभाषासूची: व्याख्या जशीच्या तशी, की आपल्या शब्दांत?

सायंशाळा:
दूरशिक्षणाच्या अर्थशास्त्र अभ्यासक्रमातील सरकारी अर्थसंकल्प आणि तुटीच्या संकल्पना या ९६ पानांच्या घटकाची परिभाषासूची आमच्या अभ्यासगटाला करावयाची आहे. गटातील एक सदस्य आग्रह धरून बसले आहेत की प्रत्येक व्याख्या घटकातून जशीच्या तशी उतरवावी आणि तिच्यापुढे पान क्रमांक द्यावा. मला ही निव्वळ नकलनविशी वाटते. ज्याला विषय समजला आहे त्याने व्याख्या आपल्या दोन ओळींत लिहावी. शिवाय पीडीएफमध्ये शोधाची सोय असताना पान क्रमांकाचे प्रयोजन काय?

तळटीप:
दुसऱ्याने लिहिलेल्या ‘आपल्या दोन ओळीं’वर विसंबून ज्याने परीक्षा दिली आहे, तो असे लिहिणार नाही. आपल्याच घटकातील राजकोषीय तूट घ्या. समजा सरकारचा एकूण खर्च १०० कोटी आहे, महसुली प्राप्ती ६० कोटी आहे, दिलेल्या कर्जांची वसुली आणि निर्गुंतवणूक मिळून ५ कोटी आले आहेत आणि उरलेले ३५ कोटी सरकारने उसने घेतले आहेत. राजकोषीय तूट ३५ कोटी झाली, कारण व्याख्येत प्राप्ती मोजताना कर्जउभारणी वगळावयाची असते. ज्याला विषय समजला आहे तो नेमके हेच वगळणे लिहीत नाही, कारण त्याला ते गृहीत वाटते. तो ‘एकूण खर्च वजा एकूण प्राप्ती’ असे लिहून मोकळा होतो. त्याची सूची वाचणारा विद्यार्थी १०० मधून १०० वजा करतो आणि देशाला तूटच नाही असे उत्तर काढतो. केंद्र सरकारच्या ‘बजेट ॲट अ ग्लान्स’मध्येही या आकड्याशेजारी कोणत्या ओळीतून कोणत्या ओळी वजा केल्या ते कंसात छापलेले असते. अर्थ मंत्रालयाला जे गृहीत धरता येत नाही, ते आपल्या अभ्यासगटाने गृहीत का धरावे?

वामकुक्षी:
तळटीप यांचे गणित बरोबर आहे, परंतु निष्कर्ष उलटा आहे. आमच्या गटाने याच घटकाची सूची अक्षरशः उतरवून केली होती आणि तीत हीच चूक झाली. घटकात व्याख्येचे पहिले वाक्य ४६व्या पानाच्या तळाशी पूर्णविरामाने संपते, आणि प्राप्तीमध्ये कर्जउभारणीचा समावेश होत नाही हे दुसरे वाक्य ४७व्या पानाच्या माथ्यावर येते. उतरवणाऱ्याने पूर्णविराम पाहिला आणि तो थांबला. पुढे तर याहून गंमत आहे. प्राथमिक तुटीची व्याख्या ‘वरील तुटीतून व्याजप्रदान वजा केले असता’ अशी सुरू होते. आमच्या सूचीत अकारविल्हे क्रमाने तिच्या वर ‘पूरक मागण्या’ ही नोंद आली. आता त्यातून व्याज कसे वजा करावयाचे ते तळटीप यांनीच सांगावे. म्हणजे समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहिण्याला पर्याय नाही.

तळटीप:
सांगतो. ‘वरील’च्या जागी चौकोनी कंसात [राजकोषीय] असे लिहावे, म्हणजे तो शब्द आपण घातला आहे हे वाचकाला दिसते आणि बाकीचे वाक्य लेखकाचेच राहते. मधले उदाहरण गाळले तर तेथे तीन टिंबे द्यावीत. व्याख्या दोन पानांवर असेल तर निर्देशही ‘पृ. ४६–४७’ असाच हवा, आणि तसा निर्देश देण्याची शिस्त असती तर आपला सहकारी ४६वर थांबलाच नसता. कोणतीही व्याख्या उतरवल्यावर तिच्या आधीचे एक आणि नंतरचे दोन वाक्ये वाचावीत. ‘मात्र’, ‘परंतु’, ‘येथे’, ‘अपवाद’ यांपैकी काही दिसले, तर व्याख्या अजून संपलेली नाही असे समजावे. आपली तक्रार उतरवण्याबद्दल नसून अर्धवट उतरवण्याबद्दल आहे.

खडू आणि फळा:
मी हा विषय महाविद्यालयात शिकवते आणि दोन्ही बाजूंना एक अडचण दाखवू इच्छिते. या घटकात अर्थसंकल्पीय तुटीचीही व्याख्या आहे. तात्पुरत्या कोषागार हुंड्यांची पद्धत एप्रिल १९९७ पासून बंद झाली आणि १९९७-९८ च्या अर्थसंकल्पापासून केंद्राने ही तूट दाखवणे सोडले. तरी घटकातील वाक्य वर्तमानकाळात आहे. आपल्या शब्दांत लिहिणारा हुशार विद्यार्थी ते वाक्य गुपचूप ‘दुरुस्त’ करील आणि मग घटकात काय होते ते कोणालाच कळणार नाही. अक्षरशः उतरवणारा ते तसेच ठेवील आणि वाचक आजच्या अर्थसंकल्पात ती तूट शोधत बसेल. माझ्या मते उतारा तसाच ठेवावा आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, आपली आहे असे स्पष्ट दिसेल अशी टीप द्यावी. बाजारातील मार्गदर्शकांनी नेमका हाच भेद पुसून टाकला आहे. त्यांत कोणते वाक्य अभ्यास साहित्याचे आणि कोणते मार्गदर्शकाच्या लेखकाचे हे ओळखता येत नाही, आणि उत्तरपत्रिकांत ती भेसळ दर वर्षी माझ्यासमोर येते. असो, हा माझा जुना राग आहे.

उमेदवार:
मी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे. माझ्या अनुभवाने अशा सूचीत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा एवढेच पुरते, कारण प्रश्नपत्रिकेत दोन्ही भाषा असतात. व्याख्या कशासाठी हव्यात?

वामकुक्षी:
आपण शब्दकोशाबद्दल बोलत आहात. येथे प्रश्न वेगळा आहे.

घाटमाथा:
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सर्वांनी सोडून दिला. पान क्रमांक म्हणजे नेमका कोणता? पानावर छापलेला ४६ हा फाइलमध्ये ५२वा आहे, कारण आधी मुखपृष्ठ, श्रेयनामावली आणि अनुक्रमणिका आहेत. पुढे एक आलेख विनाक्रमांकाच्या पूर्ण पानावर येतो आणि तेथून फरक सहाचा सात होतो. मोबाइलवर वाचणाऱ्याला छापील क्रमांकाचा उपयोग शून्य आहे. सरळ फाइलचा क्रमांक द्यावा आणि हा वाद मिटवावा.

खडू आणि फळा:
आणि ज्यांच्याकडे अभ्यासकेंद्रातून मिळालेले छापील पुस्तक आहे त्यांनी काय करावे? सर्वांच्या हातात मोबाइल असतो हे गृहीतक शहरी आहे.

घाटमाथा:
शहरी-ग्रामीण येथे ओढून आणण्याची गरज नव्हती. मी तालुक्याच्या गावीच राहतो आणि येथे छापील पुस्तक सत्र संपताना पोहोचते. आम्हाला पीडीएफ हेच पुस्तक आहे.

तळटीप:
दोन्ही क्रमांक द्यावेत: ‘पृ. ४६–४७, फाइल ५२–५३’. फरक स्थिर आहे असे मानून बेरीज मात्र करू नये. आरंभी, मध्ये आणि शेवटी प्रत्यक्ष पान उघडून तो पडताळावा. काही फाइलींमध्ये छापील क्रमांक आतूनच नोंदवलेले असतात आणि मग वरच्या चौकटीत `46 (52 of 103)` असे दिसते, तेथे हा प्रश्नच येत नाही.

जुळारी:
शोधाची सोय असताना पान क्रमांक कशाला, या वाक्यावर मला बोलावेच लागेल, कारण मी मराठी पुस्तकांची पाने लावण्यात आयुष्य घालवले आहे. या घटकात ‘अर्थसंकल्पीय’ असे शोधून पाहावे. बहुधा एकही निकाल येणार नाही, आणि ‘राजकोषीय’ मात्र सापडेल. अनेक मराठी पीडीएफमध्ये रफार आणि पहिली वेलांटी टंकताना ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मजकुराच्या थरात नसतात, त्यामुळे ‘अर्थ’ हा शब्द आत तुटून पडलेला असतो. म्हणून शब्दाचा रफार आणि वेलांटी नसलेला तुकडा, उदाहरणार्थ ‘संकल्प’, शोधावा. व्याख्यांची पाने हुडकण्यासाठी मी हे वापरतो:

```
for p in $(seq 1 103); do
  pdftotext -f $p -l $p ghatak.pdf - |
  grep -qE 'म्हणजे|म्हणतात|होय' && echo $p
done
```

येथे मिळणारा क्रमांक फाइलचा असतो, छापील नव्हे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल असेल तर हेही चालणार नाही. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवावी. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा आला, तर अक्षरओळख करून घेण्यावाचून गत्यंतर नाही:

```
ocrmypdf -l mar --force-ocr ghatak.pdf nava.pdf
```

तिच्यातही ध आणि घ, भ आणि म, १ आणि ९ यांची अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक उतारा पानाच्या चित्राशी ताडून पाहावा लागतो. पान क्रमांक नसेल तर तो कोणत्या पानाशी ताडणार?

घाटमाथा:
सन २०००च्या आधीचे फॉन्ट आजही वापरायचे आणि मग वाचकाला आज्ञावली शिकवायची, हा पाने लावणाऱ्यांचा न्याय अजब आहे. हा गोंधळ कोणी निर्माण केला?

जुळारी:
ज्यांनी पानामागे पैसे ठरवले आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे पैसे नाकारले त्यांनी. आम्ही त्यांना लेखी कळवले होते. पाने लावणाऱ्याला दोष देणे सोपे असते, कारण त्याचे नाव श्रेयनामावलीत शेवटच्या ओळीत असते.

वामकुक्षी:
फॉन्टचे भांडण चालू राहू द्यावे, पण दोन्ही पान क्रमांक देण्याचा तोडगाही तात्पुरता आहे. पुनर्मुद्रणात दोन्ही बदलतात. ३.४.२ असा उपघटक क्रमांक मात्र बहुधा टिकतो. मी पान क्रमांकाच्या पक्षात नाही, उपघटकाच्या पक्षात आहे.

तळटीप:
आपला ३.४.२ हा उपघटक सात पानांचा आहे. सात पाने वाचून व्याख्या शोधावयाची असेल तर सूची कशासाठी? उपघटक हवा असेल तर जोडीला द्यावा आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती वापरली ते सूचीच्या माथ्यावर एकदा लिहावे.

सायंशाळा:
एका साध्या प्रश्नावर मला फॉन्टचा इतिहास आणि पानांचे अंकगणित ऐकावे लागले, त्याबद्दल सर्वांचे आभार. ‘अर्थसंकल्पीय’ शोधून पाहिले. एकही निकाल आला नाही. तेव्हा पान क्रमांक देऊ, दोन्ही देऊ, हवे तर पानाचे वजनही देऊ. उतारा जसाच्या तसा घेण्याबद्दल मात्र एक शंका उरते. ४४व्या पानावर राजकोषीय तूट म्हणजे सरकारची वर्षभरातील एकूण कर्जाची गरज असे म्हटले आहे आणि ४६–४७वर खर्च-प्राप्तीची व्याख्या आहे. आता नकलनविसाने कोणते उतरवावे?

खडू आणि फळा:
दोन्ही, पानाच्या क्रमाने. पहिली व्याख्या ती तूट कशाने भरली जाते ते सांगते आणि दुसरी ती कशी मोजतात ते. आपल्या ३५ कोटींच्या उदाहरणात दोन्हींचे उत्तर एकच येते.

वामकुक्षी:
म्हणजे एका संज्ञेला दोन नोंदी, चार पान क्रमांक आणि खाली एक टीप. ९६ पानांच्या घटकाची सूची १२० पानांची होईल.

तळटीप:
घटकात व्याख्या केलेल्या संज्ञा मोजून पाहाव्यात आणि मग हा आकडा लिहावा. अनेक संज्ञा केवळ वापरलेल्या असतात, त्यांची व्याख्या घटकात कोठेच नसते. अशा संज्ञेपुढे ‘व्याख्या दिलेली नाही, प्रथम उल्लेख पृ. अमुक’ एवढेच लिहावे.

सायंशाळा:
त्यांच्यापुढे तरी आपल्या शब्दांत लिहू द्याल काय?

तळटीप:
चौकोनी कंसात.